समानतेच्या हक्कावरचा प्रश्न आणि त्याचे चुकीचे पर्याय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्यघटनेवर बहुपर्यायी प्रश्न काढणाऱ्यांसाठी हे पान आहे. सराव चाचण्या तयार करणारे, महाविद्यालयात राज्यशास्त्र किंवा कायदा शिकवणारे, गटाने अभ्यास करताना एकमेकांना प्रश्न घालणारे, सगळेच यात आले. विषय मुद्दाम अरुंद ठेवला आहे. अनुच्छेद 14 ते 18 मधला समानतेचा हक्क कुठपर्यंत पोचतो, यावरच्या प्रश्नाला तीन चुकीचे पर्याय कसे लिहायचे, एवढंच इथे आहे. बरोबर पर्याय संविधानात तयार मिळतो. बाकीचे तीन आपल्यालाच घडवावे लागतात आणि प्रश्न बिघडतो तो बहुधा तिथेच.

चुकीचे पर्याय सुचतच नाहीत. सुरुवात कुठून करायची?

अनुच्छेदांच्या यादीपासून करू नका. उत्तर 15 असेल तर 14, 16 आणि 17 हे पर्याय आपोआप हाताशी येतात, पण असा प्रश्न फक्त आकडे पाठ आहेत का एवढंच तपासतो. सुरुवात विद्यार्थ्याच्या गोंधळापासून करा. समानतेच्या हक्काच्या व्याप्तीत हे गोंधळ मोजकेच आहेत आणि ते तीन जागी होतात.

पहिली जागा म्हणजे हक्क कोणाला आहे. अनुच्छेद 14 'कोणत्याही व्यक्तीला' संरक्षण देतो, म्हणजे परदेशी माणसाला आणि कंपनीलाही. 15 आणि 16 मात्र नागरिकांपुरते आहेत. दुसरी जागा म्हणजे हक्क कोणाविरुद्ध आहे. 14, 15(1) आणि 16 यांचं बंधन राज्यावर आहे, तर 15(2) आणि 17 खासगी माणसालाही बांधतात. तिसरी जागा म्हणजे कारण कोणतं. 15 मध्ये धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान अशी पाच कारणं आहेत. 16(2) मध्ये त्यांच्या जोडीला कूळ आणि निवास येतात.

चांगला चुकीचा पर्याय यांपैकी एकाच जागी घसरतो. बाकी सगळं त्यात बरोबर असतं. दोन जागी चूक असलेला पर्याय अर्धवट अभ्यास झालेल्यालाही ओळखू येतो, मग तो फक्त जागा अडवून बसतो.

एखादा प्रश्न पहिल्यापासून रचून दाखवाल का?

दुसरी जागा घेऊ, कारण सगळ्यात घट्ट गैरसमज तिथे आहे. मूलभूत हक्क राज्याविरुद्ध असतात हे वाक्य शाळेपासून कानावर पडलेलं असतं आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. 15(2) हा त्याला ठळक अपवाद. त्याचे दोन उपखंड आहेत. पहिल्यात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा यांतला प्रवेश येतो. दुसऱ्यात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि लोकांच्या राबत्याच्या जागा यांचा वापर येतो, पण त्या जागा पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेल्या किंवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी दिलेल्या असाव्या लागतात. पैशाची ही अट फक्त दुसऱ्या उपखंडात आहे. पहिल्यात नाही.

आता प्रश्नाचा मजकूर असा:

*एका खासगी हॉटेलच्या मालकाने एका भारतीय नागरिकाला केवळ त्याच्या धर्मामुळे प्रवेश नाकारला. हॉटेलच्या मालकीत किंवा व्यवस्थापनात राज्याचा सहभाग नाही आणि हॉटेलला शासनाचे कोणतेही अनुदान नाही. समानतेच्या हक्काच्या दृष्टीने पुढीलपैकी कोणते विधान बरोबर आहे?*

*1. भंग होत नाही. समानतेचा हक्क फक्त राज्याच्या कृतीविरुद्ध मिळतो.*
*2. भंग होत नाही. अनुच्छेद 15(2) राज्याच्या निधीतून चालणाऱ्या जागांनाच लागू होतो.*
*3. भंग होतो, अनुच्छेद 14 खासगी व्यक्तींवरही बंधनकारक आहे.*
*4. भंग होतो, अनुच्छेद 15(2) खासगी मालकीच्या हॉटेलांनाही लागू होतो.*

बरोबर उत्तर चौथं. बाकीचे तीन कुठून आले ते बघा. पहिला पर्याय त्या पाठ झालेल्या वाक्यातून आला. ज्याने 15(2) वाचलेलंच नाही, तो इथे थांबतो.

दुसरा पर्याय माझ्या मते या प्रश्नाचा जीव आहे. तो निवडणाऱ्याने 15(2) वाचलेलं असतं आणि राज्याच्या निधीचा उल्लेखही त्याला आठवत असतो. विहिरी-तलावांची अट त्याने हॉटेलला लावली, एवढीच त्याची चूक. खरं तर दुसऱ्या उपखंडातही निधी हाच एकमेव निकष नाही, तिथे 'जनतेच्या उपयोगासाठी दिलेल्या' जागाही येतात. म्हणजे हा पर्याय मजकुराच्या आधारे ठामपणे खोडता येतो, तरी अर्धवट स्मरणाला तो पटतो.

तिसऱ्या पर्यायात हक्क कोणाला आणि कोणाविरुद्ध यांची अदलाबदल आहे. 14 'कोणत्याही व्यक्तीला' लागू होतो हे विद्यार्थ्याला ठाऊक असतं. त्यावरून तो कोणत्याही व्यक्तीवर बंधनकारकही असेल, असं तो गृहीत धरतो. पण 14 ची सुरुवातच 'राज्य' या शब्दाने होते.

रचनेतली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. दोन पर्याय 'भंग होतो' म्हणतात आणि दोन 'होत नाही' म्हणतात. एकटा बरोबर पर्यायच 'भंग होतो' म्हणत असता, तर अन्याय झालाय एवढ्या भावनेवर विद्यार्थ्याने तो टिपला असता. इथे भावना बरोबर असली तरी 14 की 15(2) हा निर्णय उरतोच.

याच प्रश्नात धर्माऐवजी जात घेतली तर जास्त जिवंत वाटेल ना?

जिवंत वाटेल, पण उत्तर हातातून निसटू शकतं. जात घेतली की पर्यायांत अनुच्छेद 17 घालायचा मोह होतोच. मजकुरात फक्त 'जातीमुळे प्रवेश नाकारला' एवढंच असेल, तर ही अस्पृश्यतेतून आलेली निःसमर्थता आहे, असा युक्तिवाद कोणीही करू शकतो. आणि तो कच्चा नाही. 17 खासगी व्यक्तींविरुद्ध लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 च्या पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स खटल्यात सांगितलं आहे. दुकान किंवा हॉटेलमध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणं हा 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हाही आहे. म्हणजे 15(2) आणि 17 दोन्ही बरोबर ठरतात. तुमचा चुकीचा पर्याय चुकीचा राहत नाही.

धर्म घेतला की ही वाट बहुतांशी बंद होते. जातच घ्यायची असेल तर 17 ला पर्यायांबाहेर ठेवा.

हाच धोका 'परदेशी व्यक्तीला समानतेच्या हक्कांपैकी कोणता अनुच्छेद उपलब्ध आहे?' या लोकप्रिय प्रश्नात असतो. उत्तरतालिकेत 'केवळ 14' असतं. पण 17 मध्ये 'नागरिक' हा शब्दच नाही. त्यामुळे 'केवळ' वर कोणी बोट ठेवलं तर तुमच्याकडे उत्तर नसतं. मजकुरात 'अनुच्छेद 14, 15 आणि 16 यांपैकी' एवढे शब्द घातले की वाद मिटतो. चुकीचा पर्याय सुधारायला अनेकदा पर्यायाला हात लावावा लागत नाही. प्रश्नाचा मजकूर आवळला की काम होतं.

'निवास' हा फसवा पर्याय म्हणून चांगला आहे का?

उत्तम आहे, पण त्याची मर्यादा ओळखून वापरा. '15(1) मध्ये कोणत्या कारणाचा उल्लेख नाही?' असं विचारलं तर निवास हे निर्विवाद उत्तर आहे. जन्मस्थान आणि निवास एकच नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्ये डी. पी. जोशी विरुद्ध मध्य भारत राज्य या खटल्यात स्पष्ट केलं. वाद इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या फीचा होता. राज्यातल्या रहिवाशांना सूट होती, बाहेरच्यांना नव्हती. न्यायालयाने ही सूट रहिवासावर आधारलेली मानली आणि 15 चा भंग होत नाही असं म्हटलं.

अडचण पुढच्या पायरीवर येते. 'निवासावरून भेद केल्यास समानतेच्या हक्काचा भंग होत नाही' असं विधान बरोबर उत्तर म्हणून छापू नका आणि चुकीचा पर्याय म्हणूनही छापू नका. 15 चा भंग झाला नाही तरी 14 ची कसोटी उरतेच. जानेवारी 2025 मध्ये तन्वी बहल प्रकरणात न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातलं रहिवासावर आधारित आरक्षण 14 च्या आधारेच रद्द केलं. नोकरीत तर 16(2) मध्ये निवास थेट लिहिलेला आहे, आणि 16(3) प्रमाणे संसदेला त्यात अपवाद करणारा कायदा करता येतो. म्हणून निवासाबद्दल लिहिताना पर्यायात अनुच्छेदाचा आकडा हवाच. आकडा नसलेलं विधान या विषयात खरंही ठरतं आणि खोटंही.

'फक्त', 'केवळ', 'कोणत्याही परिस्थितीत नाही' हे शब्द टाळायचे ना?

साधारण सल्ला तोच असतो. असे टोकाचे शब्द दिसले की पर्याय चुकीचा, हे सराव करणाऱ्याला पाठ असतं. पण समानतेच्या हक्कात हा सल्ला डोळे मिटून पाळता येत नाही, कारण 'केवळ' हा शब्द 15(1), 15(2) आणि 16(2) च्या मजकुरातच आहे आणि त्याला कायदेशीर वजन आहे. बरोबर पर्यायातून तो काढलात तर बरोबर पर्यायच डळमळीत होतो.

मी दोन गोष्टी पाहते. एक, टोकाचा शब्द चुकीत खरोखर सामील आहे का? वरच्या प्रश्नातल्या पहिल्या पर्यायात 'फक्त' काढला तर 'समानतेचा हक्क राज्याच्या कृतीविरुद्ध मिळतो' एवढं उरतं, आणि ते खरं आहे. तिथे 'फक्त' ठेवावाच लागतो. दोन, तो शब्द सगळ्या चुकीच्या पर्यायांत आणि एकाही बरोबर पर्यायात नाही, असं झालंय का? तसं असेल तर संचातल्या पुढच्या एखाद्या प्रश्नात 'केवळ' असलेला पर्याय बरोबर उत्तर म्हणून येऊ द्या, म्हणजे युक्ती चालत नाही.

उलट बाजूनेही सापळा असतो. 'राज्य लिंगाच्या आधारे वेगळी तरतूद करू शकत नाही' हा पर्याय टोकाचा शब्द न वापरताही चुकीचा आहे, कारण 15(3) महिला आणि बालकांसाठी विशेष तरतुदीची मुभा देतो. माझ्या मते हा अधिक प्रामाणिक चकवा आहे. त्यात भाषेची खूण नाही, अपवाद आठवला तरच तो सुटतो.

पर्यायांची लांबी सारखी असावी का?

ढोबळमानाने हो. बरोबर पर्यायात आपण सावधपणे अटी घालत जातो आणि तो सगळ्यात लांब होतो. अटी प्रश्नाच्या मजकुरात हलवा.

नव्या निकालाने किंवा घटनादुरुस्तीने चुकीचा पर्यायच बरोबर झाला तर?

या विषयात हे वारंवार होतं, त्यामुळे जुने संच जसेच्या तसे उचलू नयेत. 1992 च्या इंद्रा साहनी निकालात नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने केवळ आर्थिक निकषावर ठेवलेलं 10 टक्के आरक्षण रद्द केलं होतं. त्यानंतर कितीतरी वर्षं 'केवळ आर्थिक निकषावर आरक्षण देता येते' हा सुरक्षित चुकीचा पर्याय होता. 2019 मध्ये 103 व्या घटनादुरुस्तीने 15(6) आणि 16(6) आले, नोव्हेंबर 2022 मध्ये जनहित अभियान प्रकरणात न्यायालयाने ती दुरुस्ती 3 विरुद्ध 2 बहुमताने वैध ठरवली, आणि तोच पर्याय बरोबर झाला. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचंही तसंच. 2004 च्या ई. व्ही. चिन्नय्या निकालामुळे ते अवैध होतं. 1 ऑगस्ट 2024 रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने दविंदर सिंग प्रकरणात तो निकाल फिरवला.

असा मुद्दा विचारायचाच असेल तर मजकुरात निकालाचं नाव घाला : 'इंद्रा साहनी निकालानुसार पुढीलपैकी काय अमान्य ठरले?' त्या निकालात काय म्हटलं होतं ते नंतर बदलत नाही. 'सध्याच्या कायद्यानुसार' असा शब्दप्रयोग केलात, तर तो संच दर वर्षी पुन्हा वाचण्याची जबाबदारी तुमच्यावर आली.

हॉटेलच्या प्रश्नातल्या पहिल्या पर्यायावरही लक्ष ठेवायला हवं. जानेवारी 2023 मध्ये कौशल किशोर प्रकरणात बहुमताने 19 आणि 21 खालचे हक्क राज्याबाहेरच्या व्यक्तींविरुद्धही मागता येतात असं म्हटलं. आपला पर्याय समानतेच्या हक्काबद्दल बोलतो, म्हणून तो टिकतो. पण 'मूलभूत हक्क राज्याविरुद्धच' या वाक्याला बरोबर उत्तराच्या जागी बसवण्याचे दिवस आता गेले.

निकालांची नावं किंवा खंड बनवून घातले तर चालतील का?

नाही. 15(9) असा खंडच नाही हे ओळखण्यात व्याप्तीची समज कुठेच दिसत नाही, आणि घाईत वाचणाऱ्याच्या डोक्यात तो खंड कायमचा राहतो. खरा खंड चुकीच्या जागी लावा. 16(4) मधली 'पुरेसं प्रतिनिधित्व नसण्याची' अट 15(4) ला चिकटवलीत तर बघा किती जण अडखळतात. 15(4) मध्ये सामाजिक आणि शैक्षणिक मागासलेपणाची भाषा आहे, सेवांमधल्या प्रतिनिधित्वाची नाही.

पर्याय खरोखर फसवतोय की नुसता पडून आहे, हे कसं कळतं?

चाचणी झाल्यावर मोजून. समजा 100 जणांनी प्रश्न सोडवला. एकूण गुणांनुसार वरचे 27 आणि खालचे 27 वेगळे काढा, ही जुनी आणि सोपी पद्धत आहे. मग प्रत्येक पर्याय कोणी निवडला ते लिहा. हॉटेलच्या प्रश्नात वरच्या 27 पैकी 14 जणांनी चौथा, 9 जणांनी दुसरा आणि प्रत्येकी 2 जणांनी पहिला व तिसरा निवडला असं धरू. खालच्या 27 मध्ये चौथा 9, पहिला 11, दुसरा 3, तिसरा 4.

पहिला पर्याय जसा हवा तसा चालतोय. कच्चे विद्यार्थी तिकडे जातात, पक्के टाळतात. तिसरा मंद आहे, पण मेलेला नाही. एकूण विद्यार्थ्यांपैकी 5 टक्क्यांहून कमी जण घेत असतील तर तो पर्याय बदलावा, असा ढोबळ संकेत आहे.

खरा प्रश्न दुसऱ्या पर्यायाचा आहे, कारण तो वरच्या गटाला जास्त ओढतोय. असं दिसलं की आधी उत्तरतालिका तपासायची, मग मजकूर. इथे दोन्ही ठीक आहेत. कारण वेगळं आहे : निधीची अट आठवायला आधी 15(2) वाचलेलं लागतं, आणि खालच्या गटातले बरेच जण तिथवर पोचलेलेच नाहीत. म्हणून मी हा पर्याय काढणार नाही. मात्र 27 पैकी 9 म्हणजे तिसरा हिस्सा. वर्गात 15(2) चे दोन उपखंड एका दमात शिकवले जात असावेत, असा संशय घ्यायला हा आकडा पुरेसा आहे. पुढच्या वेळी शिकवताना फळ्यावर ते दोन वेगळे लिहावेत.

एक सावधगिरी. 20-25 जणांच्या वर्गात हे गणित करू नका. दोन जणांनी अंदाजाने ठोकलं तरी चित्र पालटतं. तिथे सरळ विचारा, 'दुसरा का निवडलास?' उत्तरात निधीचा उल्लेख आला तर पर्यायाने आपलं काम केलं. 'असंच वाटलं' आलं तर नाही.

विद्यार्थ्याने हरकत घेतली तर काय दाखवायचं?

प्रश्न लिहितानाच प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे एक ओळ लिहून ठेवा : तो कोणत्या शब्दामुळे चुकीचा आहे आणि तो शब्द संविधानात कुठे आहे. हॉटेलच्या प्रश्नासाठी त्या ओळी अशा होतील. पहिला : 15(2) मध्ये राज्याच्या कृतीची अट नाही. दुसरा : निधीची अट उपखंड (ख) मध्ये आहे, हॉटेलं (क) मध्ये आहेत. तिसरा : 14 चा कर्ता 'राज्य' आहे.

महाराष्ट्र लोकसेवा आयोग आधी प्रथम उत्तरतालिका लावतो, हरकती मागवतो आणि मगच अंतिम उत्तरतालिका देतो. मधल्या त्या टप्प्यावर 'पुस्तकात असं आहे' हे उत्तर पुरत नाही, कारण समोरच्याकडेही दुसरं पुस्तक असतं. तुमच्या ओळीत 'सर्वसाधारणपणे', 'बहुतेक वेळा' असे शब्द यायला लागले, तर तो पर्याय चुकीचा असल्याची तुम्हालाच खात्री नाही. हरकत येण्याआधी तो बदला.